नकार चार ओळींचाच हवा

रायपूरच्या सिलतरा आणि उरला या औद्योगिक पट्ट्यांत स्पंज आयर्नचे अनेक कारखाने आहेत. त्यांतल्या मोठ्या कारखान्यांत भट्टीच्या तप्त वायूवर बॉयलर चालतो आणि त्या वाफेवर कारखान्याची स्वतःची वीज तयार होते. असा मोठा बॉयलर चालवायला कायद्याने प्रमाणपत्रधारक बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर लागतो. रोजच्या बोलण्यात त्याला ‘बीओई’ म्हणतात. असा माणूस राजीनामा देतो तेव्हा मालकाची अडचण दोन पदरी असते. काम जाणणारा हात जातो, आणि नियमाप्रमाणे लागणारी जागाही रिकामी होते. म्हणून अशा माणसाला काउंटर ऑफर फार लवकर येते, बहुतेकदा एकदोन दिवसांतच, आणि कधी कधी थेट मालकाचा फोन येतो. दुसरीकडची नोकरी स्वीकारून झाल्यावर या ऑफरला नकार कसा कळवावा, हा या आठवड्याचा विषय. माझं मत असं की नकार लेखी असावा, थोडक्यात असावा आणि त्यात कारण देऊ नये. कारणाचा मुद्दा बहुतेकांना पटत नाही, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

एक नमुना घेऊ. समजा, सिलतऱ्यातल्या एका बीओईला महिना ६२,००० रुपये मिळतात. बलौदाबाजारच्या सिमेंट पट्ट्यातल्या एका कंपनीने त्याला महिना ८०,००० रुपयांचं नेमणूकपत्र दिलं आहे. त्याने ते सही करून परत पाठवलं, इथे ६० दिवसांच्या नोटीसवर राजीनामा दिला, आणि तिसऱ्या दिवशी प्लांट हेडने बोलावून सांगितलं, ‘८२ देतो, थांब.’ ऐकायला आकडा नव्या नोकरीपेक्षा मोठा आहे. पण पत्र हातात आलं की त्याची फोड दिसते. पक्का पगार ७०,०००. उरलेले महिना १२,०००, म्हणजे वर्षाचे १,४४,०००, ‘रिटेन्शन बोनस’ म्हणून वर्षाअखेरीस मिळणार, आणि दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर ते परत करावे लागणार. म्हणजे वर्षभरात पक्के हातात येणार ८ लाख ४० हजार, आणि नव्या नोकरीत ९ लाख ६० हजार. बोनस मिळाला त्या वर्षी त्यावर कर कापला जातो, पण परत करायची वेळ आली तर बहुतेक करार करासह पूर्ण रक्कम मागतात. कापला गेलेला कर सोडवून घेण्याचा खटाटोप मग नोकरदाराने एकट्याने करायचा. काउंटर ऑफर चांगली की वाईट हे तोंडी आकड्यावरून कधीच ठरवता येत नाही. पक्का भाग किती, कधी मिळणार आणि कोणत्या अटीवर, हे लेखी मागितलं की बऱ्याच ऑफरांतली हवा निघून जाते.

पण इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. फोड करून ऑफर चांगली निघाली तरी आपल्या माणसाचं उत्तर बदलत नाही, कारण त्याने दुसऱ्या कंपनीला होकार कळवलेला आहे. हिशेब मांडायची वेळ त्या होकाराच्या आधीची होती. त्याच्या भरवशावर तिकडे उरलेल्या उमेदवारांना नकार गेले आहेत आणि बॉयलरच्या पाळ्यांचं वेळापत्रक त्याच्या नावाने लागलं आहे. आणि ८२ हजारांचा आकडा त्याचं मोल सांगतो असं समजणंही चूक आहे. तो आकडा रिकाम्या जागेची किंमत सांगतो. कामाची किंमत ८२ होती, तर राजीनाम्याच्या आदल्या महिन्यात ६२ का दिले जात होते? बदली माणूस मिळाला की रिकाम्या जागेची किंमत उतरते आणि थांबलेल्या माणसाचं महत्त्वही तिच्याबरोबर उतरतं.

आता नकाराचा मेल. रायपूरमध्ये हे बोलणं बहुधा हिंदीत होतं आणि मेल इंग्रजीत जातो. आशय मात्र असा असावा: ‘सर, काल आपण दिलेल्या प्रस्तावाबद्दल मनापासून आभार. मी दुसरीकडे नोकरी स्वीकारली आहे आणि तो निर्णय कायम आहे, त्यामुळे आपला प्रस्ताव मला स्वीकारता येणार नाही. माझा अमुक तारखेचा राजीनामा तसाच कायम समजावा. शेवटचा दिवस अमुक तारीख असेल आणि तोवर शिफ्टच्या नोंदी व कामाचा हँडओव्हर मी पूर्ण करून देईन.’ बस. चार वाक्यं. पहिलं सौजन्याचं, दुसरं नकाराचं, तिसरं नोंदीसाठी, चौथं कामाचं. यातलं तिसरं वाक्य लोक हमखास गाळतात आणि नंतर तेच महागात पडतं. काउंटर ऑफरला ‘नाही’ म्हटलं, पण राजीनामा कायम आहे असं कुठेच लिहिलं नाही, तर एचआरच्या फाइलमध्ये प्रकरण ‘चर्चेत’ राहतं आणि शेवटच्या आठवड्यात रिलीव्हिंग लेटर अडकतं. म्हणून हा मेल नवा न लिहिता राजीनाम्याच्याच मेलला उत्तर म्हणून पाठवावा आणि एचआरला त्याची प्रत द्यावी. नुसत्या व्हॉट्सअ‍ॅपवर भागवू नये.

कारण का नको, तर दिलेलं प्रत्येक कारण समोरच्याला वाटाघाटीचा नवा विषय देतं. ‘पगार कमी होता’ असं लिहिलं की उद्या ८५ हजारांचं पत्र येतं. ‘रात्रपाळी जास्त होते’ म्हटलं की जनरल शिफ्टचं आश्वासन मिळतं. ‘घरच्यांचं म्हणणं आहे’ म्हटलं की मालक म्हणतात, ‘घरवालों से मैं बात कर लेता हूँ.’ यात कुणाचा कुटिलपणा नसतो. अडचण सांगितली तर ती सोडवायला धावणं ही चांगल्या व्यवस्थापकाची सवयच असते. पण निर्णय झालेल्या माणसाला या सोडवणुकीचा उपयोग नाही, आणि प्रत्येक फेरीत त्याचा नकार थोडा थोडा पातळ होत जातो. ‘निर्णय कायम आहे’ या शब्दांना उत्तर म्हणून नवा प्रस्ताव मांडायला जागा उरत नाही. ‘विचार करून सांगतो’ हे तर मुळीच लिहू नये, कारण त्याचा अर्थ रक्कम अजून पुरेशी नाही असाच घेतला जातो. नव्या कंपनीचा आकडाही सांगू नये.

राजीनामा कायम असल्याचं लिहिण्यामागे कायद्याचीही एक बाजू आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सतीशचंद्र यांनी मे १९७७ मध्ये राष्ट्रपतींना राजीनामा पाठवला, पण तो १ ऑगस्टपासून लागू व्हावा असं लिहिलं, आणि जुलैमध्ये तो मागे घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पुढच्या तारखेचा राजीनामा ती तारीख येण्याआधी, आड येणारी काही कायदेशीर किंवा कराराची अट नसेल तर, मागे घेता येतो, असा निकाल १९७८ मध्ये लागला. पुढे सरकारी आणि बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यांतही हेच तत्त्व वापरलं गेलं. खाजगी कारखान्यात बरंचसं नेमणुकीच्या करारावर अवलंबून असतं, पण व्यवहारात मालक आणि एचआर हेच गृहीत धरून चालतात की शेवटच्या तारखेपर्यंत माणूस परत फिरू शकतो. म्हणूनच काउंटर ऑफरची दुसरी लाट शेवटच्या पंधरवड्यात येते, बदली माणूस न मिळाल्यावर. तेव्हा नवं काही लिहू नये. पहिलाच मेल पुन्हा जोडून ‘माझं उत्तर वरीलप्रमाणे’ एवढंच कळवावं.

या थोडक्यातल्या उत्तरावर पहिला आक्षेप येतो तो माणुसकीचा. ज्यांनी फ्रेशर असताना घेतलं, प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी रजा दिली, त्यांना चार ओळींचा मेल? शिवाय रायपूर हे या धंद्यात लहान गाव आहे. सिलतऱ्याचा पुरवठादारच बलौदाबाजारलाही माल देतो आणि बॉयलर तपासायला येणारा निरीक्षकही तोच असू शकतो. आक्षेपातली भावना खरी आहे आणि ती मला मान्य आहे. पण कृतज्ञतेची जागा मेल नव्हे. प्लांट हेडच्या केबिनमध्ये जाऊन, समोर बसून, दहा मिनिटं बोलावं, आभार मानावेत, आधी नकार तोंडी सांगावा आणि मग त्याच दिवशी मेल पाठवावा. लांबलचक माफीने कुणाचा मान राखला जात नाही. ती वाचणाऱ्याला माणूस डळमळतोय असंच वाटतं. लहान गावात माणसाचं नाव राहतं ते शेवटच्या ६० दिवसांत त्याने लॉगबुक कसं भरलं आणि नव्या माणसाला बॉयलर कसा समजावून दिला यावरून.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे: काउंटर ऑफर घेऊन सुखाने राहिलेले लोक नाहीत का? आहेत. त्रास पगाराचा नसून एखाद्या ठरावीक गोष्टीचा होता, आणि ती गोष्ट लेखी बदलून मिळाली, तर थांबणं शहाणपणाचं असू शकतं. पण तो संवाद दुसरीकडे होकार देण्याआधी करायचा. हातात नुसतं तोंडी आश्वासन असेल, नेमणूकपत्र आलेलं नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. आधी पत्र मिळवा. नव्या कंपनीने पार्श्वभूमी तपासणीची किंवा वैद्यकीय चाचणीची अट घातली असेल, तर ती पूर्ण होईपर्यंत राजीनामाच देऊ नका.

नकार पाठवण्याआधी एक कागद मात्र जरूर काढून वाचा, तो म्हणजे बॉण्ड. नोकरी सोडल्यावर दुसऱ्याकडे काम करू नये, अशी अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे साधारणपणे टिकत नाही, म्हणून ‘बघून घेऊ’ अशा धमकीला घाबरू नये. नोकरीत असताना ठरावीक काळ थांबण्याचा बॉण्ड ही वेगळी गोष्ट आहे. विजया बँकेचे अधिकारी प्रशांत नारनवरे तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आत दुसऱ्या बँकेत गेले. बॉण्डचे २ लाख रुपये त्यांनी भरले आणि मग त्या अटीला न्यायालयात आव्हान दिलं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट वैध ठरवली. तुमच्या करारात अशी रक्कम असेल तर नकाराच्या मेलमध्ये एक वाक्य वाढवा: ‘करारानुसार देय रक्कम अंतिम हिशेबात वळती करावी.’ वाद घालायचा असेल तर तो वेगळ्या पत्रात घाला.

शेवटच्या दिवशी कंपनीचा मेल बंद होतो. त्यामुळे राजीनामा, त्याची पोच आणि नकाराचा हा मेल यांच्या प्रती त्याआधीच स्वतःच्या खाजगी मेलवर घ्या.