शेऱ्याशेजारी गुण नको

संपादक महोदय,

आकारिक मूल्यमापनाने मुले ढिली पडली, हे आपल्या वाचकाचे मत पटले नाही. सहावीला आकारिक आणि संकलित मूल्यमापनाला निम्मे-निम्मे गुण असतात. वाटणी ठीकच आहे, पण आकारिकाचेही आपण गुणच करून टाकतो. संशोधक रूथ बटलर यांनी 1988 मध्ये दाखवले, की नुसत्या शेऱ्याने गोडी टिकते. शेजारी गुण आले की शेरा वाया जातो. माझ्या वर्गात एकाने 1/2 + 1/3 = 2/5 लिहिले. 'अर्ध्या भाकरीत भर घातली, तर ती अर्ध्याहून कमी कशी?' एवढेच मी वहीत लिहिले. त्याने भाकरी काढली, उत्तर स्वतःच खोडले आणि 5/6 केले. दहापैकी चार लिहिले असते, तर त्याने वही मिटली असती. नोंदवह्या भरण्याच्या ओझ्याची तक्रार मात्र सोळा आणे खरी.

– एक शिक्षिका, अंबरनाथ पश्चिम