श्रावणबाळाची कावड आणि हजेरीपटावरचे तुटक गैरहजर दिवस

श्रावणबाळाची गोष्ट आपल्याकडे प्रत्येक लेकराला सांगितली जाते. आंधळ्या आईबापाला कावडीत घालून नेणारा मुलगा हा आदर्श मुलगा. आपल्या राज्यात निराधार वृद्धांच्या पेन्शन योजनेलाही त्याचंच नाव दिलं आहे. पण त्या गोष्टीचा शेवट काय? श्रावण पाणी आणायला जातो आणि राजाच्या बाणाने मरतो. आपण कावडीचं कौतुक करतो, बाणाचा हिशोब मात्र विचारत नाही.

आम्ही हा हिशोब वाशिम जिल्ह्यापुरता मांडतो. एक घर डोळ्यांपुढे आणा. बौद्धवस्तीतलं भूमिहीन कुटुंब. बापाला लकवा मारला, उजवी बाजू गेली. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यातून सुट्टी झाली, पुढचं सगळं घरच्यांनी बघायचं. माय मजुरीला जाते, कारण आता घरात कमावणारी तीच. धाकटा भाऊ दुसरीत. थोरली मुलगी आठवीत. बापाकडे बघायचं कोणी, हा प्रश्न त्या घरात कोणी विचारतच नाही. उत्तर ठरलेलं असतं.

आता काम काय असतं ते पाहा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. नाही बदलली तर कमरेला, टाचेला आधी लाल चट्टा पडतो, मग कातडी सोलते, मग जखम खोल जाते. त्याला उठवून बसवून, थोडं थोडं भरवावं लागतं, कारण आडवं ठेवून पाजलं तर पाणी श्वासनलिकेत जातं. लघवीचे कपडे बदलायचे, बीपीची गोळी चुकवायची नाही. माय सकाळी सातला शेतावर गेली की हे सगळं मुलीवर. दहाला कूस बदलून ती शाळेत निघाली तर बारा, दोन आणि चार या तिन्ही वेळा शाळेच्या तासांत येतात.

सातवीपर्यंत शाळा गावातच होती, तेव्हा मधल्या सुट्टीत पळत घरी येऊन एक वेळ तरी निभावता येत होती. आठवीला मोठ्या गावाची शाळा. मुलींना एसटीचा मोफत पास आहे, तो तिच्या दप्तरातही आहे. पण दुपारी बारा वाजता घरी आणणारी आणि एक वाजता परत नेणारी बस कुठून आणायची? म्हणून ती आठवड्यातले दोन दिवस शाळा बुडवते. ज्या दिवशी मायला लांबच्या शेतात काम असतं, ते हे दिवस.

कायद्याप्रमाणे आठवीचं वर्ष २२० दिवसांचं. सहा दिवसांचा आठवडा धरला तर साधारण ३७ आठवडे. दर आठवड्याला दोन दिवस म्हणजे ७४ दिवस गैरहजर, १४६ हजर. हजेरी ६६ टक्के. अभ्यासक्रमाचा एक तृतीयांश भाग तिने ऐकलेलाच नाही. पण आपल्या राज्यात शाळाबाह्य मूल कोणाला म्हणतात? जे शाळेत कधी गेलंच नाही, ज्याने प्राथमिक शिक्षण अर्धवट सोडलं, किंवा जे सलग एक महिन्याहून जास्त गैरहजर आहे. ही मुलगी सलग तीन दिवससुद्धा गैरहजर नाही. दरवर्षीच्या शाळाबाह्य मुलांच्या शोधमोहिमेत ती सापडणार नाही. आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे. त्यात नापास, पुनर्परीक्षेतही नापास, तर पुन्हा तोच वर्ग. म्हणजे व्यवस्थेला ती पहिल्यांदा दिसणार ती 'नापास' म्हणून.

शिक्षकांना ती का दिसत नाही? कारण तिच्या गैरहजेरीला आधीच एक नाव मिळालेलं असतं. सोयाबीनच्या सोंगणीत आणि कापसाच्या वेचणीत तिची गैरहजेरी वाढते, म्हणून शेरा पडतो: 'कामाला जाते.' प्रत्यक्षात कामाला माय गेलेली असते आणि मुलगी घरी असते. मजुरीला गेलेल्या मुलीसाठी निदान बालमजुरीचा कायदा आहे. घरच्या आजाऱ्याची शुश्रूषा त्या कायद्याच्या व्याख्येत कुठेच बसत नाही.

मैत्रिणींचं नुकसान याहून शांतपणे होतं. आधी वह्या मागणं थांबतं, कारण दर आठवड्याला कोणाकडे मागायच्या? मग ती कोणाला घरी बोलावत नाही, कारण एका खोलीच्या घरात बापाचं अंथरूण, लघवीचा वास आणि दोरीवरचे कपडे लपत नाहीत. आमच्या वस्तीत यायला काही घरच्या मुलींना आधीच मनाई असते, त्यात ही भर. सहलीला ती नाही, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत नाही. मैत्रिणी वाईट नसतात. त्या विचारतात, ती टाळते, आणि काही महिन्यांनी त्या विचारणं सोडतात. तरणी मुलगी बापाचे कपडे बदलते, हे बाहेर सांगू नको असं मायनेही बजावलेलं असतं.

यावर काही लोक म्हणतील की आईबापाची सेवा करणं हे संस्कार आहेत. आमचं भांडण मायेशी नाही. ती मुलगी बापावर जीव लावते, आणि लावावा. पण सेवा हा कोणाचा जन्मजात धर्म ठरवायचा आणि त्याची किंमत मोजायची नाही, ही युक्ती आम्हाला नवी नाही. मनूने ती शूद्रांवर वापरली, घराघरांत ती मुलींवर वापरली जाते. ऐपतदार घरात याच आजारासाठी पगारी माणूस ठेवतात. तिथे संस्कार कमी पडत नाहीत, पैसे पुरतात.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना भूमिका घेतली की बाळंतीण मजूर स्त्रीला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने आणि काही अंशी मालकाने उचलला पाहिजे. शुश्रूषेचा भार घराच्या भिंतीआड ढकलायचा नाही, हे ते तत्त्व. तेच इथे लागू करा.

इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने अशा मुलांच्या गरजा तपासणं ही स्थानिक प्रशासनाची जबाबदारी केली आणि २०२३ पासून शाळांच्या जनगणनेत त्यांची नोंद होते. आपल्याकडे आशाताई तिशीवरच्या प्रत्येकाची आरोग्य यादी भरते. कोणत्या घरात कोण अंथरुणाला आहे हे तिला माहीत असतं. तिच्या यादीत एकच प्रश्न वाढवा: या रुग्णाकडे दिवसा कोण बघतं? उत्तरात शाळकरी मूल आलं तर ते नाव मुख्याध्यापकांकडे जावं.

पैशाचा एक मार्ग आजही आहे. सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात आणि गंभीर आजारी पालकांची मुलं त्यात बसू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे, मंजुरी बालकल्याण समितीची. वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी हे अर्ज भरून द्यावेत. पण पैशाने बापाची कूस बदलत नाही. दुपारी तीनदा येणारं माणूस लागतं. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. त्यातून गावातल्याच एका बाईला, थोडं प्रशिक्षण देऊन, या तीन फेऱ्यांची मजुरी देता येते. लहान गावाची घरपट्टी-पाणीपट्टी यासाठी पुरणार नाही, तिथे उरलेली रक्कम जिल्हा परिषदेने घालावी. ग्रामसभेत हा ठराव मांडा, आणि तो लेखी नोंदवून घ्या.

एक काळजी मात्र घ्या. चौकशीला गेलेल्या माणसाने 'मूल बालगृहात नेऊ' असा सूर लावला तर ते घर कायमचं गप्प होईल. मुलीला बापापासून तोडायचं नाही. तिला बारा ते पाच शाळेत बसता यावं, एवढंच मागायचं आहे.

'शिका' हा शब्द आपण रोज उच्चारतो. तो त्या मुलीपर्यंत पोचायचा असेल, तर कावडीचं दुसरं टोक कोणाच्या खांद्यावर द्यायचं, हे आधी ठरवावं लागेल.

जयभीम.