नेत्रदानाच्या व्हिडिओला ‘एक लाख व्ह्यूज’ हे ध्येय नकोच

मागच्या आठवड्यात एका छोट्या संस्थेचे दोघं जण दुकानात आले. 25 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा असतो, त्यासाठी व्हिडिओ करायचेत म्हणाले. ध्येय विचारलं, तर उत्तर तयार होतं : एक लाख व्ह्यूज आणि पाचशे संकल्पपत्रं.

माझ्या मते दोन्ही आकडे चुकीचे आहेत.

दुकानासमोरून किती माणसं गेली, यावर गल्ला भरत नाही. यूट्यूब शॉर्ट्सवर तर मार्च 2025 अखेरपासून व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी व्ह्यू मोजला जातो. त्यात संस्थेचं काम एका तालुक्यापुरतं. बाहेरच्यांच्या व्ह्यूजचा इथे काय उपयोग?

संकल्पपत्राचं दुखणं वेगळं आहे. मृत्यूनंतर साधारण 6 तासांच्या आत नेत्रपटल काढावं लागतं आणि त्याला संमती घरचे देतात. ज्याने फॉर्म भरला तो काही फोन करू शकत नाही. घरच्यांना माहीतच नसेल, तर कागद कपाटातच राहतो.

म्हणून ध्येय असं लिहा : ‘तालुक्यातल्या जास्त लोकांना 6 तासांची मुदत आणि फोन कुठे करायचा हे सांगता यावं.’ आता हे मोजायचं कसं?

पहिलं, मोहिमेआधी एसटी स्टँडवर आणि बाजारात 50 जणांना हे दोनच प्रश्न विचारा. समजा, 8 जणांना बरोबर सांगता आलं. मग पंधरवड्यानंतर त्याच जागी दुसऱ्या 50 जणांना विचारा आणि 15चं लक्ष्य ठेवा. एक-दोनाचा फरक पडला तर तो योगायोग समजा, यश नाही.

दुसरं, यूट्यूब स्टुडिओतला रिटेन्शनचा आलेख बघा. समजा, 2,000 व्ह्यूज आहेत, ‘6 तास’ हे वाक्य 40व्या सेकंदाला येतं आणि तिथवर 30 टक्केच लोक टिकलेत. म्हणजे निरोप 600 जणांपर्यंतच गेला. पुढच्या व्हिडिओत अध्यक्षांचं मनोगत काढा, तेच वाक्य 5व्या सेकंदाला आणा. तिथे 70 टक्के टिकले, तर तेवढ्याच व्ह्यूजमध्ये 1,400 जण ते ऐकतील. पैसा एकही जास्त लागला नाही!

तिसरं, फोनजवळ एक वही ठेवा. प्रत्येकाला विचारा, “आमच्याबद्दल कुठून कळलं?” आणि मृत्यूनंतर किती तासांनी फोन आला तेही लिहा. पण दुःखातल्या माणसाला आधी मदत करा, प्रश्न नंतर.

नेत्रदानांची संख्या मात्र पंधरवड्याचं ध्येय म्हणून लावू नका. ती व्हिडिओच्या हातात नसते. ती वहीतून वर्षभराने बघा.

ते दोघं थोडे नाराज होऊन गेले. काल फोन आला, पहिल्या 50 जणांना विचारून झालंय. बरोबर उत्तरं फक्त 6. आता त्यांना कळलंय, सुरुवात कुठून करायची.