‘ओपनवाली’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनो



गेल्या महिन्यात एका स्थळाचा बायोडाटा आला. मुलीच्या शिक्षणापुढे ‘दहावी’ लिहून कंसात बारीक अक्षरात ‘ओपन’ लिहिलं होतं. तो कंस बघून आमच्याकडच्या दोघींनी कागद बाजूला ठेवला. ‘म्हणजे ढ असणार, पैसे भरून पास झालेली.’ दोघीही शिकलेल्या आहेत, पण त्या परीक्षेबद्दल दोघींनाही एक ओळ माहीत नव्हती. म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

ओपन म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. ही केंद्र सरकारची संस्था आहे आणि १९८९ पासून चालू आहे. दहावी आणि बारावीचं तिचं प्रमाणपत्र इतर मंडळांच्या बरोबरीचं धरलं जातं. तिचा अभ्यासक्रम आहे, पुस्तकं आहेत, आणि उत्तीर्ण व्हायला प्रत्येक विषयात ३३ टक्के लागतात. ज्या विषयाला प्रात्यक्षिक आहे तिथे लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. पैसे भरून पास होण्याची सोय त्यात कुठे आहे ते मला कोणी दाखवावं.

फरक आहे तो मांडणीत. आपल्या शाळेत पोर एका वेळी सगळे विषय घेऊन उभी राहते आणि दोन-तीन विषयांत गडगडली की बाकीच्या विषयांत चांगलं केलं असलं तरी घरात ‘नापास’ हा एकच शब्द उरतो. इथे प्रत्येक विषय स्वतंत्र मोजतात. सुटलेला विषय सुटला, तो परत द्यावा लागत नाही. एकदा नोंदणी झाली की पाच वर्षं आणि त्यात नऊ संधी मिळतात. किमान पाच विषय करायचे, हवे तर वर दोन जास्त. आमच्या शिवणाच्या भाषेत सांगायचं तर झंपराची एक बाही बिघडली म्हणून कोणी सगळं झंपर फाडत नाही.

माझ्या जावेच्या माहेरची एक मुलगी आहे, नाव सांगत नाही. राज्य मंडळाच्या दहावीत ती गणित, विज्ञान आणि हिंदी या तीन विषयांत राहिली. पुरवणी परीक्षा दोनदा दिली. हिंदी सुटलं, पण गणित आणि विज्ञान काही सुटेनात. घरात लग्नाची बोलणी सुरू झाली. तेव्हा मी तिची गुणपत्रिका मागवली. मराठी ७२, सामाजिक शास्त्र ६१, इंग्रजी ३८.

आता क्रेडिट बदली म्हणजे काय ते नीट ऐका. दुसऱ्या मान्य मंडळाच्या परीक्षेत एकूण नापास असलात तरी ज्या विषयांत पास आहात, त्यांतले जास्तीत जास्त दोन विषय गुणांसकट मुक्त विद्यालयात आणता येतात. अट अशी की ते विषय तिथेही शिकवले जात असावेत आणि परीक्षा गेल्या पाच वर्षांतली असावी. म्हणून ज्यांच्या मुली तीन-चार वर्षांपूर्वी राहिल्या, त्यांनी या वर्षीच हलायला हवं. मुदत टळली की सगळे विषय पहिल्यापासून.

मग तिचे दोन विषय कोणते आणायचे? घरच्यांनी लगेच सांगितलं, जास्त गुणांचे आणा, मराठी आणि सामाजिक शास्त्र. मी म्हटलं, नाही. जे गुण आणाल ते तसेच नव्या गुणपत्रिकेवर छापून येतात हे खरं, आणि ३८ दिसायला बरे नाहीत हेही खरं. पण मराठी ती झोपेत लिहील. इंग्रजी पुन्हा लिहायला बसवली तर त्या एका विषयावर सगळं अडकेल. म्हणून इंग्रजी आणि सामाजिक शास्त्र बदली करून घेतले आणि मराठीचा पेपर नव्याने द्यायचा ठरला. पाचात भाषा दोनच चालतात, त्यामुळे तिसरी भाषा धरून विषय भरता येणार नव्हते. उरलेले दोन तिने स्वतः निवडले, गृहविज्ञान आणि व्यवसाय अध्ययन. वडिलांचं किराणा दुकान आहे, बिल आणि उधारीची वही तीच बघते.

गणित आणि विज्ञान सोडले, हे मात्र डोळे उघडे ठेवून. त्यामुळे आयटीआयमधले बरेच ट्रेड, डिप्लोमा आणि पुढे विज्ञानाची बारावी हे रस्ते तिला बंद झाले किंवा अवघड झाले. तिला ते नको होते. ज्या मुलीला नर्सिंग किंवा फार्मसीकडे जायचं आहे, तिच्या आईने ‘गणित नको म्हणते’ एवढ्यावर विषय गाळू नयेत. पुढचं कॉलेज कोणते विषय मागतं ते आधी विचारावं आणि मगच फॉर्म भरावा. विषय निवडायची मोकळीक आहे म्हणजे कोणताही विषय कुठेही चालतो असं नाही. बारावीलाही तसंच. कला, वाणिज्य, विज्ञान अशी भिंत तिथे नसते, त्यामुळे अकाउंटन्सीबरोबर मानसशास्त्र आणि गृहविज्ञान एकत्र घेता येतं, पण पदवीच्या दाराशी कॉलेज तुमची यादी वाचणारच.

राहिले तीन पेपर. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पण दुसरीही सोय आहे, मागणीनुसार परीक्षा. तयारी झालेल्या एकाच विषयासाठी अर्ज करायचा, उपलब्ध तारखांमधली एक घ्यायची आणि पेपर देऊन यायचं. केंद्रं मोजकीच आहेत, त्यामुळे आपल्यासारख्या सांगली-कोल्हापूरकडच्यांना प्रवास धरावा लागतो. सगळे विषयही त्यात नसतात, यादी पाहूनच ठरवा.

तिने आधी मराठी उरकलं, मग दशलक्षण पर्वाचे उपवास झाल्यावर गृहविज्ञान आणि शेवटी व्यवसाय अध्ययन. तीन पेपर तीन वेगवेगळ्या महिन्यांत, एका वेळी एकच पुस्तक उघडं. तिच्यासारख्या घाबरून पेन थांबणाऱ्या मुलीला हेच हवं होतं.

आणि सोपं म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं. मागणीनुसार परीक्षेत प्रश्नपेढीतून संगणक प्रत्येक परीक्षार्थीसाठी वेगळा पेपर काढतो. शेजारच्या बाकावरचा पेपर आपला नसतो आणि कालचा पेपर फुटला तरी आज कामाला येत नाही. आपली पोरं ‘अपेक्षित प्रश्नसंच’ घोकून नव्वद आणतात, त्यांनी एकदा असा पेपर देऊन बघावा.

एक अडचण मात्र सांगायलाच हवी, कारण दलाल ती सांगत नाहीत. ‘दहावी-बारावी एका वर्षात’ असे फलक लागलेले असतात. दहावी आणि बारावीच्या पूर्ण प्रमाणपत्रात दोन वर्षांचं अंतर लागतं. वर्षभराने बारावीचे चारपर्यंत विषय देता येतात, पाचवा नंतरच. फलक काहीही म्हणो, हे अंतर कुणालाही चुकत नाही. फॉर्म स्वतः भरा, `sdmis.nios.ac.in` वर. मधल्या माणसाच्या हाती मुलीची मूळ गुणपत्रिका देऊ नका, बदली क्रेडिटसाठी तीच लागते आणि तीच अडवून पैसे मागितले जातात.

त्या मुलीने आता आपल्या बायोडाट्यात ‘दहावी, मुक्त विद्यालय’ असं पूर्ण आणि मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, कंस न करता. तिच्या आईला ते अजून खटकतं.