ॲपवर डॉक्टरच्या नावाखाली लिहिलेली ओळ कशी वाचायची? पदवी, अनुभव आणि भाषा यांचा खरा अर्थ

पेठ वडगाव : वडगाव आणि आसपासच्या गावांत आता दवाखान्याचा नंबर लावायला फोन पुरतो. कोल्हापूरच्या मोठ्या डॉक्टरकडं जायचं असेल तर घरातला पोरगा ॲप उघडतो, आजाराचं नाव टाकतो आणि पुढं आलेल्या यादीतून एक नाव निवडतो. यादीत प्रत्येक डॉक्टरच्या फोटोशेजारी दोन-तीन ओळी असतात. विषय कोणता, अनुभव किती आणि भाषा कोणत्या, एवढीच माहिती त्यात असते. बहुतेक घरांत निर्णय या ओळींवरच होतो. एसटीचं भाडं, बुडालेला रोजगार आणि डॉक्टरची फी हे सगळं त्यावर लागतं. म्हणून ही ओळ नेमकं काय सांगते आणि काय सांगत नाही, हे समजून घ्यायला हवं.

ओळ साधारण अशी दिसते :

```
MBBS, MD - General Medicine
General Physician, Diabetologist
15 Years Experience Overall (8 years as specialist)
Speaks: Marathi, Hindi, English, Kannada
```

यातली सगळी माहिती सारख्या वजनाची नाही. पदवी सरकारी नोंदीत सापडते, त्यामुळं ती तपासता येते. अनुभवाचं गणित घरबसल्या मांडता येतं. भाषा मात्र डॉक्टरनं किंवा दवाखान्यातल्या माणसानं स्वतः भरलेली असते, तिची कोणी परीक्षा घेत नाही. काही ॲपवर नावापुढं नोंदणी तपासल्याची खूण दिसते. ती खूण फक्त नोंदणीपुरती असते. अनुभवाचा आकडा आणि भाषाही कोणी तपासल्या, असा तिचा अर्थ होत नाही.

विषयाचं नाव आणि पदवी वेगळी

'डायबेटॉलॉजिस्ट' हा शब्द वाचून हा माणूस साखरेच्या आजाराचंच मोठं शिक्षण घेतलेला असणार, असं वाटतं. तसं असेलच असं नाही. एमबीबीएसनंतर तीन वर्षं शिकून जनरल मेडिसिनमध्ये एमडी झालेले डॉक्टर हा शब्द लावतात. एमबीबीएसनंतर मधुमेहाचा छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेले डॉक्टरही तोच शब्द लावतात. हार्मोनच्या आजारांतली सगळ्यात वरची पदवी म्हणजे एंडोक्रायनॉलॉजीतली डीएम, ती एमडीच्याही पुढची आहे. तिघांच्या नावाखाली शब्द एकच दिसला तरी शिक्षण तीन पायऱ्यांचं आहे.

'जनरल फिजिशियन'चंही असंच आहे. एमबीबीएस, एमडी आणि काही ठिकाणी बीएएमएस डॉक्टरांच्या नावाखालीही हा शब्द दिसतो. म्हणून आधी पदवी वाचावी, विषय नंतर. एमडी लिहिलं असेल तर पुढचा शब्द सोडू नये. 'जनरल मेडिसिन', 'आयुर्वेद' आणि 'होमिओपॅथी' या तिन्हींत एमडी होता येतं. तिन्ही पदव्या कायदेशीर आहेत, पण शिकलेला विषय वेगळा आहे. डीएनबी ही पदवी दिसली तर ती एमडी-एमएसच्या तोडीची धरली जाते. 'डी ऑर्थो' किंवा 'डीसीएच' म्हणजे एमबीबीएसनंतरचा पदविका अभ्यासक्रम.

डॉक्टरांच्या आचारसंहितेचे नियम २००२ सालचे आहेत. त्या शाखेचं विशेष शिक्षण नसेल तर डॉक्टरनं स्वतःला तज्ज्ञ म्हणवू नये, असं ते सांगतात. नवे नियम ऑगस्ट २०२३ मध्ये आले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि जुनेच लागू राहिले. ही आचारसंहिता आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांसाठी आहे. ॲपवर विषयाचा रकाना भरताना कोणता शब्द निवडला जातो, यावर रोज कोणी पहारा देत नाही.

महाराष्ट्रात हा गुंता आणखी वाढला आहे. एक वर्षाचा आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना ॲलोपॅथीची औषधं मर्यादेत देता यावीत, म्हणून राज्यानं २०१४ मध्ये कायदा बदलला. त्यांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं करावी का, यावरून २०२५ मध्ये मोठा वाद झाला आणि सप्टेंबरमध्ये ॲलोपॅथी डॉक्टरांनी एक दिवस काम बंद ठेवलं. वाद कोणाच्याही बाजूनं सुटो, रुग्णाला कळायला हवं ते एवढंच, की समोरचा डॉक्टर काय शिकलेला आहे. ते 'जनरल फिजिशियन' या दोन शब्दांतून कळत नाही.

'१५ वर्षे अनुभव' कुठून मोजला?

समजा, वडगावजवळच्या एका गावातल्या साठी ओलांडलेल्या शेतकऱ्याला दहा वर्षांपासून साखर आहे. आता तळपायाला मुंग्या येतात आणि अंगठ्याजवळची जखम भरत नाही. मुलानं ॲपवर पाहिलं तर दोन नावं पुढं आली. दोन्हीकडं 'डायबेटॉलॉजिस्ट' आणि '१५ वर्षे अनुभव' असंच लिहिलेलं. पहिल्या डॉक्टरची पदवी एमबीबीएस आणि सोबत मधुमेहाचं प्रमाणपत्र. दुसऱ्याची पदवी जनरल मेडिसिनमधली एमडी, आणि कंसात 'तज्ज्ञ म्हणून ८ वर्षे'.

आता गणित मांडू. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचं असतं. दोघांची नोंदणी २०१० ची धरली, तर २०२५ मध्ये १५ वर्षं भरतात. दुसरा डॉक्टर २०१७ मध्ये एमडी झाला असेल तर तज्ज्ञ म्हणून ८ वर्षं होतात. म्हणजे त्याच्या १५ वर्षांत एमडी शिकण्याची वर्षंही धरलेली आहेत. पहिल्याची १५ वर्षं डॉक्टर म्हणून खरी आहेत, पण त्यातली मधुमेहाच्या रुग्णांत किती गेली, हे ओळ सांगत नाही.

यावरून पहिला डॉक्टर कमी असं ठरत नाही. साखर आटोक्यात आहे, गोळ्या चालू आहेत, तीन महिन्यांनी तपासणी करायची आहे, अशा रुग्णाला जवळचा एमबीबीएस डॉक्टर पुरेसा असतो आणि तोच सोयीचा पडतो. पण पायाची जखम भरत नसेल, किडनीवर परिणाम दिसत असेल किंवा इन्सुलिन घेऊनही साखर वर-खाली होत असेल, तर एमडी किंवा डीएम गाठणं बरं. या शेतकऱ्याची जखम भरत नाही, त्यामुळं त्याच्यासाठी दुसरं नाव योग्य. दोन्हीकडं १५ चा आकडा असला तरी फरक पदवीनं आणि कंसातल्या आकड्यानं दाखवला.

नोंदणी क्रमांक मागा

ॲलोपॅथी डॉक्टरची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं असते. तिथल्या अलीकडच्या नोंदणी क्रमांकांच्या सुरुवातीलाच वर्ष असतं, म्हणजे 2010/05 आणि पुढं अनुक्रमांक. अनुभवाचा आकडा पडताळायला हे वर्षच कामाला येतं. क्रमांक 2016 नं सुरू होतो आणि ॲपवर '२० वर्षे अनुभव' लिहिलं आहे, असं दिसलं तर विचारायला हवं. डॉक्टर आधी दुसऱ्या राज्यात नोंदलेला असू शकतो, पण मग तसं उत्तर मिळायला हवं.

हा क्रमांक शोधायला लांब जावं लागत नाही. २००२ च्या नियमांनुसार तो दवाखान्यात लावायचा असतो आणि औषधाच्या चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पावतीवरही लिहायचा असतो. जुन्या चिठ्ठ्या घरात असतील तर त्यांच्यावर तो सापडेल. फोनवर तपासणाऱ्या डॉक्टरांसाठी मार्च २०२० ची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यानुसार ॲपनंच डॉक्टरचं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक दाखवायचा असतो.

क्रमांक मिळाला की nmc.org.in या संकेतस्थळावर Indian Medical Register मध्ये नाव किंवा क्रमांक टाकून शोधता येतं. पदवी, विद्यापीठ आणि वर्ष तिथं दिसतं. बीएएमएस डॉक्टरांची नोंद भारतीय वैद्यकाच्या राज्य कौन्सिलकडं आणि बीएचएमएस डॉक्टरांची होमिओपॅथी कौन्सिलकडं असते, त्यामुळं त्यांची नावं इथं शोधून उपयोग नाही. नाव सापडलं नाही म्हणून लगेच बोगस म्हणू नये. नावाचं स्पेलिंग वेगळं असतं, लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं, नवी पदवी नोंदीत चढायला वेळ लागतो. आधी दवाखान्यात फोन करून क्रमांक विचारावा. सरळ क्रमांक सांगायला टाळाटाळ झाली, तर तिथं जपून राहावं. आणि नोंद सापडली तरी ती शिक्षण खरं आहे एवढंच सांगते. डॉक्टरचा हात किती चांगला, हे कोणत्याही नोंदवहीत नसतं.

भाषेचा रकाना शेवटी असतो, पण सोडू नका

'Speaks: Marathi' ही ओळ पोरं वाचतच नाहीत, कारण त्यांना हिंदी येतं. पण तपासायला जाणारा म्हातारा माणूस असतो. तो सांगतो, "गरगरतंय" किंवा "डोळ्यापुढं अंधारी येत्या". या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. गरगरणं बऱ्याचदा कानाशी संबंधित असतं, तर अंधारी साखर किंवा रक्तदाब उतरल्यानं येऊ शकते. मुलगा दोन्हींचं हिंदीत 'चक्कर' करून टाकतो आणि डॉक्टरपुढं चुकीची वाट उघडते. 'तळपाय जळजळतंय', 'पाय बधिर पडलाय' आणि 'पायात गोळे येत्यात' हेही तिन्ही वेगळं, पण घाईत सगळ्याचं 'पैर में दर्द' होतं.

सीमाभागातून येणाऱ्या कन्नड घरांना आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांवर काम करणाऱ्या हिंदी कामगारांना हाच प्रश्न उलट्या बाजूनं पडतो. यादीत चार भाषा लिहिल्या म्हणजे चारही भाषांत दुखणं समजतं असं नाही, 'कसं हाय?' एवढंच येत असू शकतं. नंबर लावण्याआधी दवाखान्यात फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात : डॉक्टर स्वतः मराठीत बोलतात का, आणि रुग्णाची पहिली माहिती डॉक्टर घेतात की दुसरं कोणी? दुसरं कोणी घेत असेल तर त्याची भाषाही तितकीच महत्त्वाची.

भाषा जुळत नसेल आणि डॉक्टर तोच हवा असेल, तर निघण्याआधी रुग्णाचे शब्द आहेत तसे वहीत लिहून घ्यावेत. कधीपासून, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि काय केल्यावर त्रास वाढतो, हेही लिहावं. सोबत जाणाऱ्यानं तेच वाचून दाखवावं, स्वतःच्या मनानं एका शब्दात गुंडाळू नये. चालू गोळ्यांची पाकिटं आणि जुन्या चिठ्ठ्याही बरोबर न्याव्यात. त्या कोणत्याही भाषेच्या डॉक्टरला वाचता येतात.