नळ किती उंच? आधी बादली आणा!

या वेळचा विषय बघून काही जण हसतील. संगणकावर काम करणारा माणूस नळ आणि बादलीवर लिहायला लागला म्हणजे याचे काहीतरी बिनसले असणार! बिनसले होतेच. निसरपुरच्या काकूच्या घरी गेल्या हिवाळ्यात मी एक माप चुकवले, आणि ते निस्तरताना जे कळले ते तुमच्याही घरी उपयोगी पडेल असे वाटले.

निसरपुर म्हणजे आपल्या धार जिल्ह्यातले, कुक्षीकडचे. जुने गाव २०१९ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या पाण्यात गेले. धरण त्या वर्षी पहिल्यांदाच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले, आणि आमच्या काकांचे जुने घर, अंगण, त्यातली मोरी सगळे त्याखाली गेले. आता काका-काकू पुनर्वसनाच्या वसाहतीत राहतात. घर नवे, पण सवयी जुन्याच. पाणी बादलीत भरून ठेवायचे, बादलीने झाडांना घालायचे, बादलीनेच अंगण धुवायचे. आपल्या माळव्या-निमाडातल्या माणसांना हे समजावून सांगायला नको. ज्या देवासने कधीकाळी रेल्वेने आलेले पाणी पाहिले, तिथल्या घरात नळाला पाणी असले तरी भरलेली बादली दिसल्याशिवाय जिवाला स्वस्थता नसते.

जुन्या घरी जमिनीलगत मोरी होती, तिला बोटभर उंच कडा आणि वर गुडघ्याएवढा नळ. बादली ठेवा, भरा, उचला. पण काकूचे गुडघे आता वाकत नाहीत. "अरे, मला खाली बसवत नाही. उभ्याने कपडे खंगाळता येतील असं काहीतरी भिंतीला लावून दे. पण बादली मात्र नळाखाली भरली पाहिजे हं," असे तिने फोनवर सांगितले. मी पुण्यात. इंटरनेटवर दोन-चार चित्रे पाहिली आणि वाटले, यात काय एवढे!

पहिला विचार साधा होता. नेहमीचे हात धुवायचे बेसिन लावतात तसे, कडा जमिनीपासून ८० सेंटीमीटर, नळ १०० वर. कागदावर बादली बसतसुद्धा होती. काकूची बादली मी तिच्याकडून मोजून घेतली होती: उंची ३०, वरचा घेर आडवा ३१, बुडाशी २२. या मापाच्या बादलीत काठोकाठ साडेसोळा लिटरच्या आसपास पाणी मावते, म्हणजे बादलीसकट वजन साधारण १७ किलो. बेसिनचा तळ कडेपासून १७ खाली, म्हणजे जमिनीपासून ६३ वर. नळाचे तोंड ९५ वर. मधे ३२ उरतात आणि बादली ३०. बसली की!

बसली, पण बाहेर कशी काढणार? हे काकांनी विचारले, मी नाही. भरलेली बादली काढायची तर तिचा तळ बेसिनच्या कडेवरून जायला हवा. म्हणजे तळ ८० वर, बादलीची वरची कड ११० वर, आणि उभी धरलेली कडी तिच्याही १५ वर, १२५ ला. काकू पाच फूट उंच आहे. १२५ म्हणजे तिचा खांदा. पासष्टीच्या बाईने १७ किलोची बादली खांद्याएवढ्या उंचीवर धरून मागे सरायचे! शिवाय अशा बेसिनचा तळ वाटीसारखा गोल असतो, त्यात सपाट बुडाची बादली एका बाजूला कलंडते.

इथे मला मुद्दा कळला. नळाची उंची भिंतीवरून ठरत नाही, ती बादलीवरून ठरते, आणि बादलीची जागा तिला उचलणाऱ्या हातावरून. म्हणून मोजणी उलट करायची. आधी भांड्याची कडा ठरवायची, मग खोली, आणि सगळ्यात शेवटी नळ.

कडा ठरवण्यासाठी काकांनी घरात जे होते तेच वापरले. एक स्टूल, त्यावर पाट रचून उंची कमी-जास्त करायची, वर भरलेली बादली ठेवायची आणि काकूने ती उचलून खाली ठेवायची. कडी हातात असताना हात कोपराच्या आसपास राहिला तर तिला जड जात नव्हते, त्याच्या फार वर गेला की खांदा ओढायचा. हात किती वर जाणार याचा हिशोब सोपा आहे: भांड्याच्या कडेची उंची अधिक बादली ३० अधिक कडी १५. कडा ६० वर धरली तर हात १०५ वर, म्हणजे तिच्या कोपराच्या जरा वर. त्याहून खाली गेलो तर कपडे खंगाळताना पाठ वाकते. ६० ला दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या गैरसोयीने जमल्या, आणि काकूने बादली काठोकाठ न भरता १२ लिटरपर्यंतच भरायचे कबूल केले. आतून रंगाची एक खूण केली.

आता खोली. मला वाटत होते की खोल भांडे घेतले की बादली छान आत मावेल. पण वरच्या हिशोबात खोली कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आले का? हात शेवटी किती वर जाणार ते कडेवर ठरते. खोली वाढली की बादली फक्त अधिक अंतर उचलावी लागते. ३० सेंटीमीटर खोल भांड्यातून तिला तीसभर वर खेचायचे, २० खोल असेल तर वीसच. शिवाय खोल भांड्याचा तळ जमिनीच्या जवळ येतो आणि खालच्या सांडपाण्याच्या बाटलीला, म्हणजे ट्रॅपला, जागा उरत नाही. भिंतीतले सांडपाण्याचे तोंड आधीच ठरलेले असेल तर ते भांड्याच्या जाळीपेक्षा वर राहून पाणी तुंबू शकते. आम्ही २० खोल, सपाट तळाचे स्टीलचे सिंक घेतले. बादलीचा वरचा १० सेंटीमीटर भाग कडेच्या वर राहतो, त्याने काही बिघडत नाही, कारण पाणी पडते ते बादलीतच. बुडाखाली जाळी झाकली जाऊ नये म्हणून तळाशी चार पट्ट्यांची लाकडी फळी ठेवली.

मग नळ. सिंकचा तळ ४० वर, बादलीची कड ७० वर (फळीची जाडी थोडी, ती सोडून देतो), आणि तिच्यावर नळाचे तोंड किमान ५ सेंटीमीटर मोकळे हवे. हे ५ सेंटीमीटर फक्त बादली सरकवण्यासाठी नाहीत. नळाचे तोंड पाण्यात बुडाले आणि त्याच वेळी लाइनचे पाणी गेले, तर नळीतली ओढ बादलीतले साबणाचे पाणी उलटे आत खेचू शकते. ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या गावात हे जास्त होते. नळाला रबरी नळी लावून तिचे टोक बादलीत सोडून ठेवायची सवय त्यासाठीच वाईट.

तेव्हा तोंड ७५ वर. पण मिस्त्री तोंड लावत नाही, तो भिंतीत पॉइंट सोडतो, आणि साध्या नळाचे तोंड पॉइंटच्या सुमारे ५ खाली येते. म्हणून मी फोनवर सांगितले, "जमिनीपासून ८० वर पॉइंट ठेवा."

चूक ओळखली का? कुठली जमीन ते मी सांगितलेच नाही. मिस्त्रींनी तेव्हा जी होती तिच्यापासून मोजले, म्हणजे कच्च्या काँक्रीटपासून. नंतर मसाला आणि फरशी मिळून ६ सेंटीमीटर चढले. सिंक मात्र फरशीनंतर बसले, त्यामुळे ते बरोबर ६० वर. पॉइंट नव्या फरशीपासून ७४ वर राहिला, नळाचे तोंड ६९ वर, आणि बादलीची कड ७० वर! एका सेंटीमीटरने बादली नळाखाली जाईना. मिस्त्रींचा दोष नव्हता. आमच्या क्षेत्रात अशा मोघम सूचनेला काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखे नाही.

टाइल्स फोडायच्या नाहीत असे काकूने ठरवून टाकले. सिंक खाली घ्यावे तर कपडे धुताना तिची पाठ वाकणार. शेवटी आम्ही साधा नळ काढून सिंक कॉक लावला, तो वर चढून खाली वळणारा, फिरत्या चोचीचा. विकत घेण्याआधी काकांनी दुकानात टेप लावून पाहिला: चोचीचे तोंड पॉइंटच्या ४ वर येत होते. ७४ अधिक ४, म्हणजे ७८. बादलीच्या कडेवर ८ सेंटीमीटर मोकळे. पाणी जरा जास्त उडते, पण कॉक अर्धाच सोडला की चालते.

चुकून झालेली ही निवड मी आता मुद्दाम करीन. साधा नळ भिंतीतून १२-१३ सेंटीमीटर पुढे येतो आणि बादलीच्या मागच्या भागावर उभाच राहतो. बादली सरळ वर उचलली की तिची कड नळावर आदळते. आधी तिला तेवढेच पुढे ओढावे लागते, आणि त्यासाठी सिंक आतून पुढे-मागे ४५ सेंटीमीटरच्या आसपास हवे. बाजारातली बरीच सिंक बाहेरूनच तेवढी असतात. फिरती चोच बाजूला ढकलली की बादली सरळ वर येते. भिंतीवर टाइल आणि मसाला चढल्यावर नळाची लांबीही दोन-तीन सेंटीमीटर गिळली जाते, मग पाणी बादलीच्या मागच्या कडेवर पडते. तसे झाले तर मधे एक्स्टेन्शनचा तुकडा मिळतो.

एक गोष्ट राहिली, भिंत. सिंक पाण्याने भरले तर एकटे पाणीच ४० किलोच्या घरात जाते, वर बादली, वर टेकून उभे राहिलेले माणूस. हे सगळे दोन ब्रॅकेट्सवर. परसातली भिंत चार इंची विटेची होती, म्हणून बोल्ट आरपार घेऊन पलीकडून लोखंडी पट्टी लावली आणि पुढे दोन पाय दिले. सिंकची मागची कड आणि टाइल यांच्यामध्ये पांढऱ्या सिमेंटची रेघ असते. तिच्यात केसाएवढी भेग दिसली की ब्रॅकेट ओढले जात आहेत असे समजावे आणि तेव्हाच वापर थांबवावा. काका दर रविवारी त्या रेघेवर बोट फिरवतात.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा काकू उभ्याने कपडे खंगाळत होती. चोच बाजूला ढकलून तिने बादली उचलली, फरशीवर ठेवली आणि म्हणाली, "तुझ्या आईकडेही असंच करायचं म्हणतोस ना? मग आधी तिची बादली मोज. ती माझ्यापेक्षा मोठी वापरते."