जिनसारखे, पण जिन नव्हे

ज्या पेयात अल्कोहोलच नाही, ते ‘अल्कोहोलमुक्त जिन’ या नावाने विकता येणार नाही, असा निकाल युरोपीय संघाच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. जर्मनीत विकल्या जाणाऱ्या एका पेयावरून हा वाद उभा राहिला होता. युरोपच्या नियमानुसार जिनमध्ये ज्युनिपरच्या फळांचा स्वाद ठळक हवा आणि अल्कोहोल किमान ३७.५ टक्के हवे. हा वाद नुसता नावाचा वाटेल. पण जिनमधले अल्कोहोल नशेखेरीज आणखी तीन कामे करते, हे लक्षात घेतले की त्याचा अर्थ कळतो.

पहिले काम वास धरून ठेवण्याचे. ही पेये बनवण्याची एक पद्धत जिनच्याच वाटेने जाते. वनस्पती अल्कोहोलमध्ये भिजवून त्यांचा अर्क उतरवतात आणि मग त्यातले अल्कोहोल काढून टाकतात. अडचण इथेच येते. ज्युनिपरचा चीड वृक्षासारखा वास पायनीनसारख्या तेलकट द्रव्यांमुळे येतो. ती अल्कोहोलमध्ये सहज विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाहीत. त्यामुळे पाण्यातला वास फिका पडतो किंवा तेल वेगळे होते. २०१५ मध्ये लंडनच्या बाजारात आलेल्या ‘सीडलिप’ने म्हणूनच की काय, हुबेहूब नक्कल टाळली. त्यांच्या ‘गार्डन १०८’ या पेयात ज्युनिपर नाहीच. वाटाणा, पुदिना आणि रोझमेरी आहे.

दुसरे काम घशातल्या उष्णतेचे. मिरची ज्या संवेदकाला चेतवते, त्यालाच अल्कोहोलही चेतवते. म्हणून अनेक उत्पादक आले किंवा मिरचीचा अर्क घालतात. मात्र मिरचीची आग जिभेवर रेंगाळते, अल्कोहोलची ऊब लवकर ओसरते. पिणाऱ्याला हा फरक कळतो.

तिसरे काम टिकवण्याचे. जिनची उघडलेली बाटली सहसा खराब होत नाही. या पेयांत मात्र सायट्रिक आम्ल, पोटॅशियम सॉर्बेट असे पदार्थ घालावे लागतात आणि उघडल्यावर लेबलवरच्या मुदतीतच ती संपवावी लागतात. आंबूस वास आला, झाकण उघडताना वायू सुटला किंवा वर बुरशी तरंगताना दिसली, तर बाटली ओतून द्यावी.

आता आरोग्याचा हिशेब. ४० टक्क्यांच्या ५० मिलिलिटर जिनमधून सुमारे १६ ग्रॅम अल्कोहोल पोटात जाते. पर्यायी पेयाने ते टळते, आणि हा फायदा खरा आहे. पण सोबतच्या १५० मिलिलिटर साध्या टॉनिकमध्ये सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर असू शकते. ती तशीच राहते. काही ‘अल्कोहोलमुक्त’ पेयांत अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असते, म्हणून गरोदर स्त्रियांनी ०.० हा आकडा पाहूनच घ्यावे. दारूचे व्यसन सोडलेल्यांना तोच वास आणि तोच ग्लास पुन्हा ओढ लावू शकतो. त्यांनी आधी डॉक्टरांशी बोललेले बरे.